डब्यातला टोमॅटो : कोणती बगलफूट काढावी, काठी कशी बांधावी



पावसाळा सरत आला, की मराठवाड्यात घरोघरी परसात काही ना काही लावले जाते. शेतात कापूस आणि तूर उभी असते, विहिरीचे पाणी रब्बीसाठी राखायचे असते, म्हणून घरच्या खाण्याचा टोमॅटो पुष्कळ ठिकाणी अंगणात, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावतात. २०२३ च्या जुलैमध्ये बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हापासून तर अशा डब्यांची संख्या वाढलेली मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गावोगावी पाहतो. रोपे लागतात, वाढतातही. परंतु बगलफूट काढणे आणि झाडाला काठीचा आधार देणे या दोन कामांत गडबड होते आणि डबाभर पाला व मूठभर फळे अशी गत होते. आज या दोन कामांविषयीच बोलू.

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात मी फुलंब्री तालुक्यातील एका घरी गेलो होतो. तुरीवरची कीड पाहायची होती. परतताना घरातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "साहेब, आमचं टमाट्याचं बी एकदा बघून जा. निस्ता पालाच पाला झालाय." अंगणात भिंतीच्या कडेला पंधरा किलो तेलाचे आठ डबे मांडले होते. चार डबे थोरल्या जावेचे आणि चार धाकटीचे. थोरलीच्या डब्यांत पुसा रुबी जातीचे झाड होते. घरी राखलेल्या बियांचे रोप ते. धाकटीच्या डब्यांत रोमा होते, पाकिटातले बी आणून केलेले.

थोरल्या बाईंची झाडे म्हणजे करवंदाची जाळी झाली होती. विचारले तर म्हणाल्या, "तुरीचा शेंडा खुडतो तसा खुडला की!" तूर दीड महिन्याची झाली की आपण तिचा शेंडा खुडतो, तो फांद्या जास्त फुटाव्यात म्हणून. तुरीला ते मानवते. शेतात तिला पसरायला जागा असते आणि मुळ्या खोल जातात. टोमॅटोचे मुळात उलटे दुखणे आहे. त्याला न खुडताही इतक्या फांद्या फुटतात, की डब्यातली माती त्यांना पुरत नाही. त्यात शेंडा खुडला, म्हणजे खालचे सगळे डोळे एकदम जागे होतात. बाईंनी फांद्या कमी करायच्या त्या वाढवून ठेवल्या होत्या.

धाकटीने याच्या उलट केले होते. तिची झाडे गुडघ्याएवढी, एकेका दांडीची, काटकोळी. प्रत्येकावर दोन किंवा तीन घोस आणि वर वाढ खुंटलेली. तिने एकही बगलफूट ठेवली नव्हती. हे कुणी सांगितले म्हणून विचारले, तर ती लाजत म्हणाली, "तुम्हीच नव्हतं का सांगितलं मागल्या वर्षी, पारावरच्या बैठकीत?" खरेच होते. टोमॅटोच्या बगलफुटी काढत चला, असे मी त्या बैठकीत सांगितले होते. कोणत्या जातीच्या, हे सांगायचे राहिले होते. तिने माझा सल्ला तंतोतंत पाळला आणि तिचे पीक गेले. या लेखाचे एक कारण तेही आहे.

शिवाय आठांपैकी एक डबा आडवा पडलेला होता. आदल्या दिवशी वारा सुटला होता. झाडाला काठी होती, सुतळीने बांधलेलीही होती. झाड, काठी आणि डबा असे तिघेही मिळून पडले होते. डब्यातल्या झाडाला आधार देण्यातली मुख्य चूक तीच, तिच्याकडे आपण पुढे येऊ.

आधी जात ओळखा

टोमॅटोच्या जातींत वाढीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक उंच वाढणारी. तिचा शेंडा थंडी-उन्हाने किंवा रोगाने मरेपर्यंत वाढतच राहतो आणि वाटेत एकामागून एक घोस येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी ही जुनी जात या तऱ्हेची आहे. चेरी टोमॅटोच्या बहुतेक जातीही अशाच. दुसरी झुडपी. तिच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला शेवटी फुलांचा घोस येतो आणि त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. अंड्याच्या आकाराची रोमा ही अशी झुडपी जात आहे.

आता कारण लक्षात येईल. झुडपी जातीचे मुख्य खोड दोन-तीन घोस देऊन थांबणार, मग पुढची फळे येणार कुठून? बगलेतल्या फांद्यांवरूनच. त्या फांद्या काढल्या म्हणजे आपण पुढचे पीकच खुडून टाकले. धाकटीच्या डब्यांत हेच घडले. उंच जातीचे मुख्य खोड मात्र स्वतःच फळे देत वर चढते, म्हणून तिच्या बगलफुटी काढल्या तरी पीक बुडत नाही. फळे संख्येने थोडी कमी येतात, पण मोठी आणि लवकर येतात.

बियांच्या पाकिटावर जात लिहिलेली असते. पाकीट नसेल, रोप बाजारातून किंवा शेजारून आणले असेल, तर झाडच सांगते. पहिले दोन घोस दिसू लागले, की त्यांच्या मधली खोडावरची पाने मोजा. दोन घोसांमध्ये साधारण तीन पाने असतील आणि शेंडा पानांचाच, जोमदार असेल, तर जात उंच वाढणारी. दोन घोसांमध्ये एकच पान असेल किंवा पानच नसेल आणि शेंड्याच्या टोकाशी फुलेच दिसत असतील, तर जात झुडपी. पहिल्या घोसावर घाई करू नका, दुसरा येऊ द्या. तोवर पहिल्या घोसाच्या खालच्या, जमिनीलगतच्या बगलफुटी काढायला दोन्ही जातींत हरकत नाही.

या दोहोंच्या मधल्याही जाती आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर त्यांपैकी. अशा मधल्या जातीला पहिल्या घोसाखालची फूट काढावी, वरच्या फांद्या ठेवाव्यात, फार दाटी झाली तर एखादी कमी करावी. याहून जास्त कात्री लावू नये.

बगलफूट कुठे असते, कशी काढावी

पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक बेचका तयार होतो. त्या बेचक्यातून जी कोवळी फांदी वर येते ती बगलफूट. नवख्या माणसाची गफलत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे तो फांदी समजून पानच तोडतो. पानाला स्वतःचा शेंडा नसतो, बगलफुटीला बारीक पानांचा शेंडा असतो. एवढे पाहिले की चूक होत नाही. दुसरे म्हणजे फुलांचा घोस बगलफूट समजून खुडला जातो. घोस कधी बेचक्यातून येत नाही. तो दोन पानांच्या मधल्या मोकळ्या खोडावरून निघतो. मोसंबीच्या पानसोटासारखी ही फूट वांझ नसते, हेही ध्यानात असू द्या. ठेवली तर तिलाही फुले येतात. आपण ती काढतो ती केवळ डब्यातली माती, पाणी आणि हवा मोजकी असते म्हणून.

फूट दोन-तीन इंचांची, बोटाएवढी असताना काढावी. अंगठा आणि तर्जनी यांत तळाशी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवली की ती कटकन निघते आणि जखम लहान राहते. खाली ओढू नये, खोडाची साल सोलून निघते. सकाळी दव उडाल्यावर, झाड कोरडे असताना हे काम करावे, म्हणजे दिवसभराच्या उन्हात जखम वाळते. पावसाच्या दिवशी किंवा पाणी शिंपल्यावर लगेच करू नये. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून हे काम आठवड्यातून एकदा केले तर पुरते. बाजाराचा वार धरून ठेवावा, म्हणजे विसर पडत नाही.

आठवडे चुकले आणि फूट पेन्सिलीएवढी जाड झाली, तर ती हाताने मोडू नये. मोठी जखम होते आणि ती रोगाला दार ठरते. अशा फांदीचा नुसता शेंडा खुडावा आणि तिची खालची एक-दोन पाने ठेवावीत. फांदी तिथेच थांबते, पाने मात्र झाडाच्या कामी येतात. थोरल्या बाईंच्या झाडांना आम्ही त्या दिवशी हेच केले. जाळी एकदम साफ केली नाही. एकाच दिवशी निम्मे झाड कापले, की आतापर्यंत सावलीत असलेली फळे उघड्यावर येतात आणि उन्हाच्या बाजूला त्यांवर पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. तिथे पुढे सड लागते. म्हणून तीन आठवड्यांत थोडे थोडे मोकळे केले.

हाताविषयी एक सांगणे आहे आणि ते पुरुषमंडळींना जास्त आहे. टोमॅटोचा मोझॅक नावाचा रोग पाने पिवळी-हिरवी ठिपकेदार आणि सुरकुतलेली करतो. त्याचा आणि तंबाखूवरच्या मोझॅकचा विषाणू जवळच्या नात्यातला, आणि तंबाखूवरचाही टोमॅटोला लागतो. तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तळहातावर तंबाखू मळायची आणि त्याच हाताने बगलफूट खुडायची, म्हणजे प्रत्येक जखमेत रोग टोचण्यासारखेच आहे. हात साबणाने धुऊन मगच झाडाला हात लावावा. संशय वाटणारे झाड सर्वांत शेवटी हाताळावे.

एका डब्याला किती खोडे ठेवावीत

पंधरा किलोच्या डब्यात काठापर्यंत न भरता सुमारे सतरा लिटर माती बसते. आपली काळी माती एकटी भरली तर ती पाण्याने चिप्प बसते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि तळाला चार-पाच भोके पाडावीत. एवढ्या मातीत उंच जातीचे एकच रोप लावावे आणि त्याची दोन खोडे चालू द्यावीत. दहा लिटरच्या फुटक्या बादलीत लावले असेल तर एकच खोड.

दुसरे खोड कोणते ठेवायचे? पहिल्या घोसाच्या अगदी लगेच खालच्या बेचक्यात जी फूट येते, ती सर्वांत जोमदार असते. ती ठेवावी. तिच्या खालच्या सगळ्या फुटी काढाव्यात. मग मुख्य खोड आणि ही फूट अशी दोन खोडे झाली. पुढे दोन्हींवर येणारी प्रत्येक नवी फूट आठवड्याच्या फेरीत काढत जावे.

पाने मात्र सरसकट काढू नयेत. मातीला टेकणारी, पाणी घालताना चिखल उडतो अशी तळाची पाने तेवढी काढावीत, कारण करप्याची सुरुवात बहुधा त्यांच्यापासूनच होते. फळाला गोडी आणि वजन देणारे अन्न पानांतच तयार होते. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले, की बगलफूट पूर्ण काढायचेही थांबवावे. तिची पहिली दोन पाने ठेवून शेंडा तेवढा खुडावा. ती पाने फळावर सावली धरतात.

दसऱ्याच्या सुमारास लावलेल्या झाडाचा मुख्य शेंडा जानेवारीअखेर खुडावा. सर्वांत वरच्या घोसाच्या वर दोन पाने ठेवून खुडावा, म्हणजे त्या घोसाला अन्न मिळते. त्यानंतर येणाऱ्या फुलांचे फळ पिकेपर्यंत ऊन वाढलेले असते, आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले धरतही नाहीत, गळतात. थोरल्या बाईंनी शेंडा खुडला हे चूक नव्हते. तो तीन महिने आधी खुडला, ही चूक होती.

निरोगी झाडाची अर्धा वीतभर बगलफूट निघाली तर फेकू नका. खालची पाने काढून ओल्या मातीत सावलीला खोचली, तर दहा-पंधरा दिवसांत तिला मुळ्या फुटतात. एखादे रोप मेले तर त्या डब्यात हे झाड चालते.

काठी डब्यात रोवली, तरी तिचा टेकू डब्याबाहेर हवा

आता आडव्या पडलेल्या डब्याकडे वळू. तो का पडला, याचा हिशेब आम्ही त्या अंगणातच मांडला. धाकट्या दिराने मातीवर काडीने आकडे लिहिले.

एका घोसात पाच फळे, एक फळ सत्तर ग्रॅमचे धरले, तर घोस झाला साडेतीनशे ग्रॅमचा. दोन खोडांवर मिळून एका वेळी सहा घोस भरलेले असले, तर दोन किलो शंभर ग्रॅम फळ झाले. खोड आणि पाला दीड किलो धरला, तर मातीच्या वर सुमारे साडेतीन किलो वजन उभे आहे. ओल्या मातीचा डबा साधारण वीस किलोचा. सगळे मिळून चोवीस किलोच्या आसपास.

चोवीस किलो ऐकून वाटते, की हा डबा जागचा हलणार नाही. पण डब्याचे बूड केवळ नऊ इंच रुंद आहे. तो कलंडतो तेव्हा बुडाच्या कडेवर कलंडतो, आणि मधल्या वजनापासून ती कड साडेचार इंचांवर आहे. वारा मात्र झाडाला चार फुटांवर, म्हणजे अठ्ठेचाळीस इंचांवर ढकलतो. पहारीने दगड उलथताना आपण दांडा लांब का धरतो, तेच येथे घडते. चोवीस गुणिले साडेचार म्हणजे एकशे आठ. त्याला अठ्ठेचाळीसने भागले, की उत्तर येते सव्वादोन. म्हणजे चार फूट उंचीवर सव्वादोन किलोचा रेटा बसला, की चोवीस किलोचा डबा कलंडतो. माती वाळून डबा हलका झाला असेल, किंवा झाड आधीच एका अंगाला झुकले असेल, तर दोन किलोही पुष्कळ होतात. पानांनी भरलेल्या झाडाला वाऱ्याच्या झोताचा एवढा रेटा सहज बसतो.

काठी डब्यातच रोवली होती. तिने झाड सरळ धरले, पण डब्याला काही धरले नाही. उलट झाड जितके उंच, तितकी पहार लांब झाली. शिवाय डब्यात माती जेमतेम फूटभर. काठीला जमिनीत बसते तशी पकड तिथे बसत नाही. फळ भरू लागले, की ती मातीतच डुगडुगते आणि मुळ्या तोडते.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतकडे ज्यांनी टोमॅटोचे मळे पाहिले असतील, त्यांना तेथील रचना आठवेल. ओळीत बांबू, त्यांवरून ताणलेल्या तारा, त्या तारांना सुतळीने बांधलेली झाडे. आणि ओळीच्या दोन्ही टोकांचे खांब बाहेरच्या बाजूला किंचित कलते, त्यांना जमिनीतल्या खुंट्याशी तारेचा ताण दिलेला. सगळ्या ओळीचे वजन शेवटी त्या दोन ताणांवर पेलले जाते. अंगणात आपल्याला त्याचीच लहान आवृत्ती करायची आहे.

डबे ओळीने, भिंतीपासून हातभर अंतरावर मांडावेत. पश्चिमेची, दुपारी तापणारी भिंत टाळावी. ओळीच्या दोन्ही टोकांना डब्याबाहेर जमिनीत दीड-दोन फूट खोल खांब रोवावेत आणि त्यांना बाहेरच्या बाजूने ताण द्यावा. जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर जस्ताची तार ओढून घ्यावी. भिंतीत पक्के खिळे किंवा ओसरीचे खांब असतील तर खांब रोवायचीही गरज नाही. मग प्रत्येक डब्यात, ज्या दिवशी रोप लावाल त्याच दिवशी, रोपापासून तीन इंचांवर एक काठी रोवावी आणि तिचा वरचा शेंडा तारेला घट्ट बांधावा. काठी नंतर रोवू नये, वाढलेल्या मुळ्या तुटतात. दुसऱ्या खोडासाठी तारेवरून सुतळी खाली सोडली तरी चालते. आता वाऱ्याचा रेटा तारेवर जातो, आणि तार तो खांबाला देते. डब्याला कलंडायला वाव राहत नाही.

एकच डबा असेल, तर त्याच्या भोवती जमिनीत तीन काठ्या रोवून त्यांची टोके वर एकत्र बांधावीत. काठ्या डब्याच्या बाहेर, मातीत रोवायच्या. झाड त्यांच्या मधून वर जाते. फरशी किंवा स्लॅबवर काठी रोवता येत नाही, तिथे मात्र डबा खिडकीच्या गजाशी किंवा कठड्याशी बांधणे भागच आहे.

ताण झाला की नाही, हे फळ येण्याआधीच तपासावे. काठी चार फुटांवर धरून हलकेच ढकलावी. डबा बुडाशी उचलला जात असेल, तर बांधणी कच्ची समजावी.

झाड आणि घोस कसे बांधावेत

बांधायला बारीक दोरा किंवा तार वापरू नये, ती कोवळ्या खोडाला कापते. जुन्या सुती लुगड्याच्या बोटभर रुंद पट्ट्या किंवा मऊ सुतळी उत्तम. पट्टी आधी काठीला घट्ट गाठ मारून बांधावी, मग काठी आणि खोड यांच्यामध्ये एकदा पीळ घालून खोडाभोवती सैल फास घ्यावा, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आकार होतो. मधल्या पिळामुळे खोड काठीवर घासत नाही. फासात करंगळी सहज गेली पाहिजे, कारण खोड पुढे जाड होणार आहे. पट्टी पानाच्या देठाखाली बांधावी, म्हणजे ती घसरत नाही आणि वजन पेलते. दर आठ-दहा इंचांवर एक बांध पुरतो. बगलफुटीची आठवड्याची फेरी करताना हेही पाहत जावे.

बांध खोडाला असतो, पण वजन असते घोसात. घोस भरला, की त्याचा देठ खोडाजवळ मुडपतो. मुडपलेल्या देठातून पाणी आणि अन्न कमी जाते आणि टोकाची फळे बारीक राहतात. म्हणून फळे गोटीएवढी असतानाच दोन कामे करावीत. घोसात सहा-सातांहून जास्त फळे धरली असतील, तर टोकाची बारीक, वेडीवाकडी फळे काढून चार-पाच ठेवावीत. आणि देठ वाकू लागण्यापूर्वीच कापडाची पट्टी घोसाच्या मुख्य देठाखालून घेऊन वर काठीला बांधावी, लहान मुलाच्या झोळीसारखी. पट्टी फळाखालून नको, देठाखालून हवी. फळाला दाबली तर तिथे डाग पडतो.

खोडच वाकून चिरले, पण पूर्ण तुटले नाही, तर झाड उपटू नका. चीर जुळवून दोन्ही बाजूंना बांबूची कामटी लावून कापडाने बांधावे आणि वरची एक-दोन फळे कमी करावीत. पडलेल्या त्या डब्यातले झाड असेच बांधले होते आणि ते जगले. मातीच्या वरचे खोड पिचले असेल, पाने दुपारी मलूल होऊन सकाळीही ताठत नसतील, तर मात्र आशा सोडावी.

एक गोष्ट आधाराने किंवा छाटणीने सुटत नाही, ती सांगून ठेवतो. फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडत असेल, तर काठीला किंवा कात्रीला दोष देऊ नका. डबा एक दिवस वाळतो आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब भरतो, त्यामुळे चुना फळापर्यंत पोचत नाही. फळ तडकण्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. रोज ठराविक वेळी, थोडे पण नेमाने पाणी द्यावे आणि मातीवर पाचटाचे किंवा वाळल्या पाल्याचे आच्छादन ठेवावे.

मागच्या हिवाळ्यात त्याच घरी पुन्हा जाणे झाले. या खेपेस थोरल्या बाईंनी पुसा रुबीची दोन-दोन खोडे तारेला चढवली होती. एका झाडाचे घोस मी मोजले, दोन्ही खोडांवर मिळून नऊ भरले. धाकटीने पुन्हा रोमाच लावला होता. तिने खालची फूट तेवढी काढून वरचे झुडूप राखले होते आणि प्रत्येक डब्याभोवती तीन काठ्या रोवून मध्ये सुतळीचे दोन वेढे घातले होते. मला म्हणाली, "साहेब, आता बैठकीत सांगताना जातीचं आधी सांगत जा."

तसे ते आज आधी सांगितले आहे. या आठवड्यात डबे भरायला घेणार असाल, तर बियांचे पाकीट फेकून देऊ नका. ते ओसरीच्या खुंटीला अडकवून ठेवा आणि रोपाच्या आधी काठी आणून ठेवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी